राग कोठून येतो आणि त्याला आकार कोण देतो?

घरातील लहान मुलाने हातातील वस्तू फेकली किंवा भावंडाला मारले, की वडीलधारी मंडळी साधारणपणे दोनपैकी एक कारण सांगतात. कोणी म्हणते, ‘त्याच्या मनासारखे झाले नाही, म्हणून चिडला.’ दुसरे कोणी म्हणते, ‘हे सगळे त्या मोबाइलवरून शिकला.’ दोन्ही उद्गार सहज बोलून जातात. परंतु त्यांच्यामागे मानसशास्त्रातील दोन स्वतंत्र उपपत्ती उभ्या आहेत, आणि त्यांच्यातील वाद गेली ऐंशीहून अधिक वर्षे चालू आहे. पहिलीला वैफल्य-आक्रमण गृहीतक म्हणतात, तर दुसरीला सामाजिक अध्ययनाची उपपत्ती. पडद्यावरील हिंसेचा मुलांवर काय परिणाम होतो, या प्रश्नाचे उत्तर या दोहोंतील संबंध नीट समजल्याखेरीज मिळत नाही.

अडवलेली वाट

१९३९ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या पाच अभ्यासकांनी ‘वैफल्य आणि आक्रमण’ या अर्थाच्या शीर्षकाचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. जॉन डोलार्ड, लिओनार्ड डूब, नील मिलर, होबार्ट मॉवरर आणि रॉबर्ट सीअर्स हे त्याचे लेखक. त्यांचे विधान अत्यंत ठाम होते. आक्रमणाच्या मुळाशी नेहमी वैफल्य असते, आणि वैफल्याची परिणती नेहमी कोणत्या ना कोणत्या आक्रमणात होते, असे त्यांनी मांडले.

येथे वैफल्य या शब्दाचा अर्थ काटेकोरपणे घ्यावा लागतो. एखादी वस्तू जवळ नसणे म्हणजे वैफल्य नव्हे. ती मिळणार अशी अपेक्षा आहे, तिच्याकडे वाटचाल सुरू झाली आहे, आणि ऐन वेळी कोणीतरी वाट अडवली, तर ते वैफल्य होय. ज्या मुलाने आइस्क्रीम मागितलेच नाही ते रडत नाही. हातात आलेले आइस्क्रीम काढून घेतले, की रडते. ज्याने वाट अडवली तो फार बलवान असेल, तर राग त्याच्यावर न निघता एखाद्या दुर्बळावर निघतो, असेही या लेखकांचे म्हणणे होते. शास्त्रीय भाषेत यास विस्थापन म्हणतात. आपल्याकडील ‘वड्याचे तेल वांग्यावर’ ही म्हण हेच सांगते.

कापसाच्या भावाची साक्ष

या विस्थापनाचा पुरावा म्हणून पुढील वर्षी, १९४० मध्ये, कार्ल हॉवलंड आणि रॉबर्ट सीअर्स यांनी जे आकडे पुढे आणले, ते व्यापारी कुटुंबांना विशेष लक्षवेधी वाटतील. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचे अर्थकारण तेव्हा कापसावर चाले. त्याच प्रदेशात कृष्णवर्णीयांचे झुंडबळी घेण्याचा अमानुष प्रकार दीर्घकाळ चालू होता. या दोन संशोधकांनी १८८२ ते १९३० या काळातील दक्षिणेच्या १४ राज्यांमधील कापसाचे मूल्य आणि झुंडबळींची संख्या यांची वर्षवार तुलना केली. कापसाचे मूल्य घसरलेल्या वर्षी झुंडबळी वाढतात आणि भाव चढले की ते कमी होतात, असा निष्कर्ष निघाला. बाजार हाती लागत नाही, म्हणून राग निरपराध माणसावर निघतो, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि पाठ्यपुस्तकांतून तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला.

तथापि या हिशेबात एक अडचण होती. दीर्घ काळात दोन्ही आकडे आपापल्या संथ गतीने वरखाली सरकत असतात. त्यामुळे तो दीर्घकालीन कल वजा करून केवळ वार्षिक चढउतार कसा वेगळा काढायचा, यावर उत्तर बरेचसे अवलंबून राहते. १९४६ मध्ये अलेक्झांडर मिंट्झ यांनी नेमका हाच आक्षेप घेतला आणि वेगळ्या पद्धतीने हिशेब मांडल्यावर संबंध बराच क्षीण झाला. पुढे १९९८ मध्ये डोनाल्ड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे १९३० च्या पुढे नेऊन पाहिले. महामंदीची ती वर्षे होती. भाव कोसळले, हालअपेष्टा टोकाला गेल्या. गृहीतक खरे असते तर झुंडबळींची संख्याही उसळायला हवी होती. तसे घडले नाही. ती वर्षे हिशेबात धरली, की पूर्वीचा संबंध टिकत नाही.

म्हणजे केवळ हाल आणि तोटा यांतून हिंसा आपोआप जन्मत नाही. ती करण्याची रीत समाजात रूढ असावी लागते, तिला मूक संमती असावी लागते, आणि करणाऱ्याला शिक्षेचे भय नसावे लागते. पहिल्या गृहीतकात या गोष्टींना फारशी जागा नव्हती.

बस थांबली नाही, पण का?

खुद्द येलच्या गटालाही आपले विधान अतिव्याप्त असल्याचे लवकरच जाणवले. १९४१ मध्ये नील मिलर यांनी दुरुस्ती केली की, वैफल्यातून अनेक प्रकारच्या प्रतिक्रिया उद्भवू शकतात आणि आक्रमण ही त्यांपैकी केवळ एक होय. वैफल्य आले म्हणजे कोणी मदत मागतो, कोणी प्रयत्न सोडून देतो, तर कोणी दुसरा मार्ग शोधतो.

१९५२ मध्ये निकोलस पास्तोरे यांनी आणखी एक बारकावा दाखवला. त्यांनी लोकांपुढे काही काल्पनिक प्रसंग ठेवले. तुम्ही योग्य थांब्यावर बसची वाट पाहत उभे आहात आणि चालक मुद्दाम बस न थांबवता निघून गेला, हा एक प्रसंग. दुसऱ्या प्रसंगातही बस थांबत नाही; परंतु ती आगाराकडे चालली असल्याचे तुमच्या लक्षात येते. दोन्हीकडे वाट पाहणे तेवढेच लांबते. राग मात्र पहिल्या प्रसंगी पुष्कळ अधिक व्यक्त झाला. आपली वाट अडली यापेक्षा ती विनाकारण अडवली गेली, ही भावना माणसाला पेटवते. घराच्या दृष्टीने हा धागा महत्त्वाचा असून त्याकडे शेवटी परत यावे लागेल.

फुगवलेली बाहुली

वैफल्यातून राग येतो हे मान्य केले, तरी एक प्रश्न उरतो. रागावलेले मूल हातोडीच का उचलते? विशिष्ट शब्दच का उच्चारते? या प्रश्नाला अल्बर्ट बांडुरा यांनी हात घातला. डोरोथिया रॉस आणि शीला रॉस यांच्यासह त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला प्रयोग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आज जगप्रसिद्ध असला, तरी त्यातील एक पायरी बहुतेक वर्णनांतून गळून जाते. म्हणून तो क्रमाने पाहणे उचित ठरेल.

प्रयोगात सुमारे तीन ते सहा वर्षे वयोगटातील ३६ मुलगे आणि ३६ मुली, अशी एकूण ७२ बालके होती. मूळचीच भांडखोर मुले एका गटात जमा होऊ नयेत म्हणून शिक्षिकेच्या माहितीच्या आधारे त्यांची आधी समतोल वाटणी केली गेली. २४ बालकांनी आक्रमक वागणारी प्रौढ व्यक्ती पाहिली, २४ जणांनी शांतपणे खेळणारी व्यक्ती पाहिली, आणि उरलेल्या २४ जणांना कोणीच दाखवले नाही.

पहिल्या खोलीत मूल एका कोपऱ्यात चित्रकामात रमलेले असे. दुसऱ्या कोपऱ्यात प्रौढ व्यक्तीजवळ जोडणीची खेळणी, एक हातोडी आणि पाच फूट उंचीची हवा भरलेली बाहुली ठेवलेली होती. अशा बाहुलीच्या बुडाशी वजन असल्याने ती ढकलली तरी पुन्हा उभी राहते. आक्रमक प्रौढाने बाहुलीला नुसते ठोसे मारले नाहीत. कारण ठोसा कोणतेही मूल न शिकवता मारते. त्याने तिला आडवे पाडले, तिच्यावर बसून नाकावर गुद्दे मारले, हातोडीने डोक्यावर प्रहार केले, तिला हवेत फेकले आणि खोलीभर लाथाडत नेले. त्या वेळी तो काही ठरावीक वाक्येही उच्चारत होता. इतक्या विशिष्ट कृती मुद्दाम निवडल्या होत्या. पुढे मुलाने त्याच क्रियांची पुनरावृत्ती केली, तर ती पाहून शिकलेली आहेत, याबद्दल शंका राहणार नव्हती.

आता ती गळून जाणारी पायरी. परीक्षेच्या खोलीत नेण्यापूर्वी सर्वच्या सर्व ७२ बालकांना दुसऱ्या एका खोलीत नेले गेले. तेथे आगीचा बंब, विमान, बाहुलीचा संपूर्ण संच अशी उत्तमोत्तम खेळणी होती. मूल त्यांत रमले, की सुमारे दोन मिनिटांत त्याला सांगण्यात येई की ही सर्वांत चांगली खेळणी असून ती दुसऱ्या मुलांसाठी राखून ठेवायची आहेत. म्हणजे बांडुरा यांनी येलच्या गृहीतकातील वैफल्यच प्रत्येक बालकाला मोजून दिले. त्यानंतर तिसऱ्या खोलीत २० मिनिटे त्याला मोकळे सोडले. तेथे चहाचा खेळण्यातला संच, रंगीत खडू आणि मोटारीही होत्या, तसेच हातोडी आणि तीन फुटी बाहुलीही होती. एका बाजूने पारदर्शक असणाऱ्या आरशामागून निरीक्षक दर पाच सेकंदांनी नोंद करीत होते.

आक्रमक प्रौढाला पाहिलेल्या मुलांनी त्याच्याच कृती आणि त्याचीच वाक्ये मोठ्या प्रमाणात पुन्हा केली. उरलेल्या दोन गटांतील सुमारे ७० टक्के मुलांच्या बाबतीत अशा अनुकरणाची नोंद शून्य होती. वैफल्य सर्वांच्या वाट्याला सारखेच आले होते. परंतु ते कोणत्या रूपाने बाहेर पडले, हे मुलांनी आधी काय पाहिले होते यावरून ठरले. दोन्ही उपपत्तींचे नाते या प्रयोगातून स्पष्ट होते. वैफल्य ऊब पुरवते आणि पाहिलेले दृश्य त्या उबेला साचा पुरवते.

शिकणे वेगळे, करून दाखवणे वेगळे

बांडुरा यांनी पुढे प्रौढाऐवजी चित्रपट दाखवूनही असेच परिणाम मिळवले, आणि पडद्यावरील हिंसेच्या अभ्यासाला वळण लागले. त्यांतील १९६५ चा प्रयोग सर्वाधिक मार्मिक आहे. ६६ मुलांना एकच चित्रफीत दाखवली. फक्त शेवट तीन प्रकारचे होते. एका शेवटात मारहाण करणाऱ्याला खाऊ आणि शाबासकी मिळते, दुसऱ्यात त्याला रागावून चोप दिला जातो, तिसऱ्यात काहीच होत नाही. ज्यांनी शिक्षा पाहिली त्या मुलांनी नंतर अनुकरण कमी केले. एवढ्यावरून शिक्षेचा शेवट दाखवला म्हणजे चित्रपट निर्धोक होतो, असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु बांडुरा येथे थांबले नाहीत. त्यांनी मुलांना सांगितले की, पडद्यावर पाहिलेली जेवढी कृत्ये करून दाखवाल, त्या प्रत्येकाबद्दल चित्रांचे तुकडे आणि फळांचा रस मिळेल. तत्क्षणी तिन्ही गटांतील फरक नाहीसा झाला. शिक्षा पाहिलेली मुलेही तितकेच शिकली होती; त्यांनी ते केवळ राखून ठेवले होते. लाभ दिसताच ठेव बाहेर आली.

या प्रयोगांच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. बाहुलीला वेदना होत नाहीत, ती मारून खेळण्यासाठीच बनवलेली असते, आणि ‘मोठ्यांनी केले म्हणजे येथे असे करणे चालते’ असे मुलाला वाटू शकते. शिवाय परीक्षा काही मिनिटांतच झाली. खेळणे मारणे आणि माणूस मारणे यांतील अंतर या प्रयोगाने पार केलेले नाही.

प्रयोगशाळेबाहेर

ते अंतर पार करण्यासाठी मुलांना वर्षानुवर्षे पाहत राहावे लागते. लिओनार्ड एरॉन यांनी १९६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कोलंबिया काउंटी येथे तिसऱ्या इयत्तेतील आठशेहून अधिक मुलांची माहिती घेतली. कोणते मूल ढकलाढकली करते, हे त्यांनी वर्गमित्रांना विचारले. आवडते दूरदर्शन कार्यक्रम पालकांना विचारले. दहा वर्षांनी त्यांपैकी ४२७ जण पुन्हा सापडले. आठव्या वर्षी हिंसक कार्यक्रम आवडणाऱ्या मुलग्यांचा तरुणपणीच्या आक्रमकतेशी ०.३१ इतका सहसंबंध आढळला. उलट दिशेने, म्हणजे लहानपणीच्या आक्रमकतेचा तरुणपणीच्या हिंसक आवडीशी संबंध, जवळजवळ शून्य निघाला. म्हणून कार्यक्रम हे कारण आणि आक्रमकता हा परिणाम, असा कौल संशोधकांनी दिला.

हा आकडा वाचताना हिशेबी दृष्टी ठेवली पाहिजे. सहसंबंध उणे एक ते अधिक एक या मापात मोजतात, आणि त्याचा वर्ग केला असता मुलामुलांतील फरकाचा किती भाग त्यातून उलगडतो ते कळते. ०.३१ चा वर्ग सुमारे ०.१० होतो, म्हणजे दहावा हिस्सा. नऊ हिस्से घर, स्वभाव, शेजार, परिस्थिती यांच्या खात्यावर राहतात. त्यातच मुलींच्या बाबतीत हा संबंध आढळलाच नाही. परिणाम नाही असे यावरून म्हणता येत नाही, आणि तो सर्वांवर सारखा आहे असेही म्हणता येत नाही.

हरलेला डाव

व्हिडिओ गेम आल्यावर वाद पुन्हा पेटला, कारण तेथे मूल हिंसा नुसती पाहत नाही तर बटण दाबून स्वतः करते. अनेक प्रयोगांत हिंसक गेम खेळलेल्यांनी प्रतिस्पर्ध्याला अधिक कर्कश आवाज ऐकवला किंवा तत्सम सौम्य त्रास दिला. परंतु हिंसक गेम पुष्कळदा अधिक अवघड आणि अधिक चुरशीचेही असतात. मग राग हिंसेने आला की हरल्याने?

२०१४ मध्ये अँड्र्यू प्रझिबिल्स्की, रिचर्ड रायन आणि सहकाऱ्यांनी हीच गाठ सोडवण्याचा यत्न केला. त्यांच्या एका प्रयोगात हिंसेचा लवलेशही नव्हता. वरून पडणारे ठोकळे रचण्याचा टेट्रिस हा खेळ त्यांनी दोन प्रकारे तयार केला. एक नेहमीसारखा होता, तर दुसऱ्यात नेमका अडचणीचा ठोकळा पुढे यावा अशी रचना केली होती. सहभागी व्यक्तींनी आधी थंडगार पाण्यात २५ सेकंद हात धरला होता. खेळानंतर पुढच्या माणसाने किती वेळ हात धरावा, हे त्यांना ठरवायचे होते. अवघड टेट्रिस खेळलेल्यांनी दुसऱ्यासाठी सरासरी सुमारे १० सेकंद अधिक नेमून दिले. ठोकळ्यांच्या निरुपद्रवी खेळानेही माणूस चिडून दुसऱ्याला अधिक त्रास देऊ शकतो. १९३९ चे गृहीतक असे नव्या वेशात परत आले.

त्यानंतर २०१९ मध्ये प्रझिबिल्स्की आणि नेटा वाइनस्टाइन यांनी ब्रिटनमधील १४-१५ वर्षे वयाच्या सुमारे एक हजार मुलामुलींचा अभ्यास केला. कोणता हिशेब कसा करायचा, हे त्यांनी आकडे पाहण्यापूर्वीच लेखी नोंदवून ठेवले होते. अशी पूर्वनोंदणी केल्याने आवडता निष्कर्ष मागाहून शोधून काढण्याची वाट बंद होते. मुलांचे वर्तन त्यांनी मुलांना न विचारता पालकांना विचारले. हिंसक गेम आणि आक्रमक वर्तन यांच्यात उल्लेखनीय संबंध निघाला नाही. २०२० मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने आपला ठराव सुधारून घेतला. ओरडणे, ढकलणे यांसारख्या आक्रमकतेशी हिंसक गेमचा लहानसा पण पुन्हापुन्हा दिसणारा संबंध संघटनेने कायम ठेवला; मात्र गंभीर हिंसेचे खापर या खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही, असे तिने स्पष्ट केले.

दोन खाती निराळी

या साऱ्या संशोधनाचा घरातील उपयोग एवढाच की, मुलाचे वागणे पाहताना दोन खाती निराळी ठेवावीत. मुलाने मारण्याची एखादी नवी तऱ्हा किंवा नवे वाक्य आणले असेल, आणि तेही विशेष राग नसताना खेळाच्या ओघात, तर ते पाहून शिकलेले आहे. अशा वेळी ते कोठे पाहिले याचा शोध घ्यावा, आणि शोध घेताना केवळ पडदा तपासू नये. बांडुरा यांच्या पहिल्या प्रयोगात पडदा नव्हताच. समोर जिवंत मोठे माणूस होते. दुकानातील नोकरावर किंवा फोनवर ओरडणारे वडीलही मुलाला तितकेच स्पष्ट दिसत असतात.

याउलट वागण्याची तऱ्हा जुनीच असेल, पण स्फोट ठरावीक क्षणी होत असेल, जसे डाव हरल्यावर किंवा मोबाइल काढून घेतल्यावर, तर त्याचे मूळ वैफल्यात आहे. तेथे गेम हिंसक आहे की ठोकळ्यांचा, हे गौण ठरते. येथे पास्तोरे यांची बस आठवावी. रंगात आलेला डाव मध्येच हिसकावून घेणे म्हणजे थांब्यावर न थांबता बस पुढे नेणे होय. ‘हा डाव संपला की बंद, कारण मग जेवायचे आहे’ असे आधी सांगितले, तर वाट तेवढीच अडते. परंतु ती का अडली हे मुलाला कळते.

आणि शिक्षेचे भय दाखवून मूल गप्प बसले, तर त्याने ते शिकलेच नाही असे समजू नये. शिक्षा पाहिलेल्या त्या मुलांनी रस मिळणार म्हटल्यावर काय केले, हे ध्यानी घ्यावे. मारून काही मिळते असा अनुभव त्याला घरात किंवा शाळेत येऊ न देणे, हाच ती ठेव बाहेर न येण्याचा उपाय आहे.